क्लिपरची नोंद: कोपऱ्यावरचा त्रिकोण आणि रिकामी यादी

सदरलँड-हॉजमन (1974) हा पॉलिगॉन खिडकीपुरता कापणारा अल्गोरिदम माझ्या छोट्या पायथन रेंडररमध्ये बसवून झाला. खिडकीची एकेक बाजू घ्यायची, तिच्या बाहेरचा भाग कापायचा आणि उरलेले बिंदू पुढच्या बाजूकडे सरकवायचे, एवढंच काम. खिडकी 0 ते 10 चौरस, बाजूंचा क्रम खालची, उजवी, वरची, डावी.

सगळं नीट चालत होतं. मग (8,14), (14,8), (14,14) हा त्रिकोण दिला आणि प्रोग्रॅम `IndexError: list index out of range` म्हणत आडवा झाला.

कागदावर काढून बघितलं. त्रिकोण पूर्ण बाहेर आहे, पण तो पूर्णपणे कुठल्याही एका बाजूच्या पलीकडे नाही. (8,14) हा उजव्या बाजूच्या आत येतो आणि (14,8) वरच्या बाजूच्या. त्यामुळे सुरुवातीला ‘सगळे बिंदू एकाच बाजूच्या बाहेर आहेत का’ ही माझी झटपट तपासणी त्याला सोडून देते. खालच्या बाजूपाशी काहीच कापलं जात नाही. उजवीपाशी (8,14), (10,12), (10,14) एवढा तुकडा उरतो. त्या सगळ्यांचा y 12 किंवा जास्त, म्हणून वरच्या बाजूपाशी यादी रिकामी. आणि डावीची पाळी आली की `src[-1]` मागितल्यावर रिकाम्या यादीत शेवटचा बिंदू कुठून येणार? डावी बाजू आधी घेतली असती तर वरची शेवटची ठरली असती, आणि ही चूक अजून महिनाभर लपून राहिली असती! दुरुस्ती म्हणजे यादी रिकामी असेल तर तिथेच थांबायचं:

```python
for a, b in edges:
    src, out = out, []
    if not src:
        break
    prev = src[-1]
```

दुसरा मासला जास्त चिवट निघाला. (10,2), (14,2), (14,6), (10,6) हा चौरस खिडकीला बाहेरून फक्त चिकटलेला आहे. ‘आत’ ठरवताना मी `>= 0` लिहिलं होतं, म्हणून रेषेवरचे बिंदूही आत धरले गेले. हाती आलं (10,2), (10,2), (10,6), (10,6). म्हणजे चार बिंदू आणि क्षेत्रफळ शून्य. तीनपेक्षा कमी बिंदू असतील तर टाकून द्या, ही गाळणी इथे फसते. `> 0` केल्यावर उत्तर रिकामं आलं. आतून चिकटलेला चौरस तरीही शाबूत राहतो, कारण रेषेवरचे बिंदू छेदनबिंदू म्हणून परत मिळतात. तिरप्या बाजूंवर दशांशातल्या बारीक चुकांमुळे सुईसारखे तुकडे येऊ शकतात, म्हणून शेवटी क्षेत्रफळ तपासतोच.

एकदा तर प्रत्येक पॉलिगॉन गायब, अगदी खिडकीच्या मधोमध ठेवलेलासुद्धा. तिथे अल्गोरिदमचा दोष नव्हता. खिडकीचे कोपरे मी माउसने उलट क्रमाने टिपले होते, त्यामुळे आत-बाहेर उलटं झालं. आता खिडकीचं चिन्हासकट क्षेत्रफळ काढतो आणि ऋण आलं तर यादी उलटवतो.