रविवारची रात्रपाळी आणि हरवलेला सी-ऑफ : माझा अनुभव

पहिल्या किंवा दुसऱ्या पाळीला जास्त वेळ थांबलात तर ओव्हरटाइमचं, म्हणजे ओटीचं काम तसं सरळ असतं. स्लिप भरायची, इनचार्जची सही घ्यायची, पगारात तास आलेत का ते बघायचं. घोडं अडतं ते रात्रपाळीवाल्याने सुट्टीच्या रात्री काम केलं की, आणि अडतं ते टाइम ऑफिसात.

आमच्याकडे पाळ्या ६ ते २, २ ते १० आणि रात्री १० ते सकाळी ६. जेवणाचा अर्धा तास कामातच धरलेला आहे, म्हणजे पाळी पुरी आठ तासांची. मशीन बंद होत नाहीत, त्यामुळे वीकली ऑफ वाटून दिलेले; माझा रविवार. रात्रपाळीत असलो की शनिवारी रात्री १० ला आत गेलेला माणूस रविवारी सकाळी ६ ला सुटतो आणि पुढची पाळी थेट सोमवारी रात्री १० ची. अशाच एका रविवारी रात्रीचा माणूस येणार नव्हता, म्हणून इनचार्जनी दुपारी फोन करून बोलावलं. मी गेलो. आठ तास भरले. बदली सुट्टी म्हणून सी-ऑफचा अर्ज टाकला तर उत्तर आलं : ‘सदर दिवशी हजेरी आढळत नाही.’

हजेरीच्या मशीनमधले माझे पंच असे होते. रविवारी रात्री ९:४८ ला आत, सोमवारी सकाळी ६:१० ला बाहेर. सोमवारी रात्री नेहमीच्या पाळीला ९:५० ला आत, मंगळवारी सकाळी ६:०८ ला बाहेर. चारही पंच मशीनमध्ये व्यवस्थित उमटलेले. पण हजेरीपत्रकात रविवारी ‘मिसपंच’, तास शून्य. आणि सोमवारी मी तब्बल २३ तास ५८ मिनिटं हजर!

कारण समजलं की यात नवल काही नाही. रोस्टरमध्ये ज्या दिवशी रात्रपाळी लावलेली असते, त्या दिवसाचं खातं सिस्टिम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडं ठेवते, म्हणून सकाळी ६ चा पंच आदल्या दिवसाच्या नावावर जातो. ज्या दिवशी ऑफ लावलाय, त्या दिवसाला पाळीच नाही. त्याचं खातं रात्री १२ ला बंद. मग माझा सकाळी ६:१० चा बाहेर पडण्याचा पंच सोमवारच्या खात्यात पहिला पंच म्हणून, म्हणजे ‘आत आला’ म्हणून गेला. शेवटचा पंच मंगळवारी ६:०८ चा. पहिला आणि शेवटचा एवढंच सिस्टिम बघते, मधलं सोडून देते. सोमवारची ओटी स्लिप नव्हती, म्हणून तिने त्यातले आठ तास ठेवले आणि बाकीचे कापले. रविवारचे आठ तास असे हवेत विरले.

टाइम ऑफिसातल्या साहेबांचं म्हणणं, मिसपंचचा फॉर्म भरा. भरला. रविवारच्या तारखेला बाहेर पडण्याची वेळ ६:१० टाकली की लाल अक्षरात येतं, बाहेरची वेळ आतल्या वेळेच्या आधीची आहे. मग त्यांनी सुचवलं की रात्री ११:५९ टाका, ते स्वीकारलं जातं. जातंही. पण मग तास होतात २ तास ११ मिनिटं, आणि आमच्या पॉलिसीत अर्ध्या सी-ऑफलाही किमान चार तास लागतात. ही सूचना कुणी केली तर अजिबात ऐकू नका, कारण एकदा ते मंजूर झालं की तुमच्याच सहीने रविवारचं काम दोन तासांचं ठरतं.

खरा उपाय फॉर्ममध्ये नाहीच, तो रोस्टरमध्ये आहे. त्या रविवारच्या ‘ऑफ’ऐवजी ‘ऑफच्या दिवशी रात्रपाळी’ असा कोड लावून घ्यायचा आणि त्या दोन दिवसांची हजेरी पुन्हा प्रोसेस करायला सांगायची. पंच जागच्या जागी बसतात : रविवार ८ तास २२ मिनिटं, सोमवार ८ तास १८ मिनिटं. हा बदल आमच्याकडे फक्त विभागप्रमुखाच्या लॉगिनमधून होतो, टाइम ऑफिसला तो अधिकारच नाही. हे टाइम ऑफिसने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझी एवढी वणवण झाली नसती. आणि हे सगळं हजेरी लॉक व्हायच्या आत. २१ ते २० असं पगाराचं चक्र असेल तर शेवटच्या एक-दोन रात्रपाळ्या सर्वांत धोक्याच्या, त्यांच्यासाठी हाताशी फारसा वेळ नसतो.

एचआरचा पुढचा मुद्दा होता, सोमवारी पहाटेचे सहा तास रविवारचे कसे? त्याचं उत्तर कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ५७ मध्ये होतं. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासून सलग २४ तास, आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. म्हणजे माझी सुट्टी रविवारी सकाळी ६ पासून सोमवारी सकाळी ६ पर्यंत. मी केलेले आठच्या आठ तास त्या सुट्टीतले. कलमाचा उतारा अर्जाला जोडला, वाद मिटला.

आता पैशाचं. सी-ऑफ दिला म्हणजे ओटी बुडाली, असं बऱ्याच ठिकाणी गृहीत धरतात. त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता. कायद्याचा आठवडा साधारणपणे शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो. म्हणजे रविवारचे आठ आणि पुढच्या सहा पाळ्यांचे ४८, एकूण ५६. सी-ऑफ त्याच आठवड्यात शनिवारपर्यंत मिळाला तर ४८ च राहतात, ओटी नाही. तो पुढे ढकलला तर आठ तासांचे दुप्पट पैसेही लागू होतात.

दर काढताना नुसतं मूळ वेतन धरलंय का ते बघा. त्या कायद्यात मूळ वेतन अधिक मिळणारे भत्ते असं होतं. बोनस आणि आधीची ओटी सोडून. समजा मूळ १०,४०० आणि भत्त्यांसह २०,८००. २६ दिवसांनी भागलं तर रोज ८००, तासाला १००, दुप्पट २००, आठ तासांचे १,६००. नुसत्या मूळ वेतनावर हेच ८०० होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत दुप्पट दर कायम आहे आणि ओटीला कामगाराची संमती लागते, पण वेतनाच्या व्याख्येतून घरभाडे भत्त्यासारख्या बाबी ठरावीक मर्यादेपर्यंत वगळल्यात, म्हणून भत्त्यांची यादी एकेक करून तपासा.

मंजुरीबद्दल सांगायचं राहिलं. ऐनवेळी बोलावलं तर आधीची मंजुरी नसतेच, पुढच्या कामाच्या दिवशी स्लिप द्यायची असते. तिच्यावर ‘रिलिव्हर गैरहजर’ हे कारण, कुणी बोलावलं आणि किती वाजता, हे इनचार्जच्या अक्षरात लिहून घ्या. माझ्या स्लिपवर ते होतं, म्हणूनच विभागप्रमुखांनी रोस्टर बदलायला हरकत घेतली नाही. सही झालेल्या स्लिपचा आणि मशीनच्या कच्च्या पंच-यादीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. कच्ची यादी मागावी लागते, मोबाइलवर दिसते ती प्रोसेस झालेली हजेरी.

आमच्या पॉलिसीत सी-ऑफ ३० दिवसांत लॅप्स होतो. साप्ताहिक सुट्टी बुडाल्यावर तिच्या बदल्यातली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची, असं जुन्या कायद्याच्या कलम ५३ मध्ये होतं आणि नव्या संहितेतही मुदत तेवढीच. माझे दिवस तर यांच्याच सिस्टिमपायी गेले होते. अर्जावर मूळ अर्जाची तारीख टाकून ‘मुदत त्या तारखेपासून मोजावी’ असं लिहिलं, तेव्हा तो मंजूर झाला. सुट्टी घेतली ती रात्रपाळीच्या आठवड्यातच, आणि त्या तारखेला रोस्टरमध्ये सी-ऑफ आधी लावून घेतला.