वाय कुठून?

ताईने विचारलं होतं. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. "वाय कुठून मोजलायस?" एवढंच. आणि मी काय लिहिलं? "आकडे बरोबर आहेत गं, तू टाक फक्त."

माझ्या सर्किट बोर्डासाठी ताईने थ्रीडी प्रिंटरवर छापलेला दुसरा डबा आज हातात आला. पहिल्यासारखाच. डावीकडचे दोन स्क्रू अलगद बसले. उजवीकडचे दोन्ही खांब मात्र भोकांपासून सरकलेले, कॅलिपर लावला तर दोन्हीकडे बरोब्बर 6 मिलिमीटर. पहिल्या डब्याच्या वेळी मी तिला लिहिलं होतं की प्लास्टिक आकसलं असणार, प्रिंटरचं सेटिंग बघ. आकसलं असतं तर सगळीकडेच थोडं थोडं आकसलं असतं, आणि 80 मिलिमीटरच्या लांबीत मिलिमीटरभरही फरक पडला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी लिहिलं. ती "बघते" म्हणाली आणि पाच तास घालवून पुन्हा छापून दिलं.

संध्याकाळी अगदी वीट आला. चार भोकं, तीही मला जमू नयेत? बाकीच्या गोष्टी तर आहेतच, त्या आज लिहीत नाही. बोर्ड टेबलावर टाकला, मग उचलून उगाच पुन्हा डब्यात ठेवला. चारही भोकं खांबांवर चपखल बसली. क्षणभर आनंद झाला. मग लक्षात आलं, की वर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. बोर्ड पालथा होता.

कोरा बोर्ड, अजून एकही पार्ट लावलेला नाही, दोन्ही अंगांनी हिरवा. पालथा पडला तरी चटकन कळत नाही.

मग मी तिला पाठवलेला मेसेज उघडला.

```
बोर्ड 80 x 50
(4, 4)  (76, 4)
(4, 46) (76, 40)
```

आकडे बरोबरच होते. पण बोर्ड आखायच्या माझ्या KiCad मध्ये मी शून्य धरला होता बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि तिथे वाय खाली जाताना वाढतो. ताईच्या कॅडमध्ये शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात, वाय वर चढतो. माझं खालचं उजवं भोक तिच्याकडे वरचं उजवं झालं. तिच्या हिशेबात ते (76, 10) असायला हवं होतं, 50 मधून 40 वजा. सगळा डबा आरशातला झाला.

डावीकडची दोन भोकं वरून-खालून सारख्याच अंतरावर, म्हणून ती फिरली तरी जागच्या जागी. चौथं भोक मी 6 मिलिमीटर आत सरकवलं होतं, कारण स्क्रूचं डोकं यूएसबीच्या कनेक्टरवर चढत होतं. ते सरकवलं नसतं तर चारही खांब जुळले असते आणि चूक कळली असती ती थेट कनेक्टरसाठीची खिडकी भलत्याच कोपऱ्यात निघाल्यावर. म्हणजे त्या वाकड्या भोकाचे आभारच मानायला हवेत. त्याला मी आठवडाभर शिव्या घातल्यात, ते असो.

आणि आकडे मेसेजमध्ये का पाठवावे लागले? तर मी Edge.Cuts या थराची डीएक्सएफ फाइल काढली होती आणि त्यात नुसती कड आली. भोकं म्हणजे फुटप्रिंट, ती त्या थरावर नसतातच. नुसता आयत पाठवला. आयताला कुठे वर-खाली असतं? तिला त्यावरून कळणार तरी काय होतं! खरं म्हणजे STEP फाइल दिली असती तर कड, भोकं, जाडी सगळं एकत्र गेलं असतं आणि उलटसुलट व्हायला वावच राहिला नसता. पण मला घाई होती. घाई कसली, आळस.

आत्ता एका रिकाम्या थरावर कड पुन्हा काढली, चारही भोकांवर 3.2 चे गोल ठेवले, आणि वरच्या डाव्या कोपऱ्याशी ठळक अक्षरांत "वर" लिहिलं. अक्षरं उलटी दिसली तर समजायचं, आरसा झालाय. ती डीएक्सएफ एकास एक मापात कागदावर छापली आणि कागदावर बोर्ड ठेवला. चारही भोकांतून गोल दिसले. बोर्डावरची पांढरी अक्षरं वर आहेत ना, हे दोनदा पाहिलं. मग STEP पण काढली.

प्रिंटरचं सेटिंग. ते वाक्य अजून मेसेजमध्ये तसंच आहे. पुसलं तरी तिने वाचलंच आहे.

माफीचा मेसेज तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी दोन्ही फाइली जोडल्या आणि खाली लिहिलं, "चूक माझी होती. प्रिंटर ठीक आहे."

दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"वाय कुठून?"

"खालून," मी लिहिलं.

"नक्की?"

उठून परत फाइल उघडली.