तुम्ही विचारलंत म्हणून: बोजा, एनओसी आणि केए-२२

"काय हो, अर्धं बेळगाव एमएच-०९ वर फिरतंय, आणि तुम्हीच एवढे पैसे घालून, एवढे हेलपाटे मारून गाडी केए कशाला करून घेतलासा?"

पहिलं म्हणजे ते अर्धं बेळगाव बेळगावचं नाहीच. शनिवारी बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला येणारी चंदगड, शिनोळीकडची माणसं आहेत ती. त्यांचं घर कोल्हापूर जिल्ह्यात, गाडी रात्री तिकडंच लागते, मग त्यांनी नंबर कशाला बदलायचा? तसंच निपाणीचे लोक केए-२३ घेऊन रोज कागलला कामाला जातात, त्यांनाही कुणी एमएच करा म्हणत नाही. कायदा गाडी कुठून कुठं जाते ते बघत नाही, ठेवलेली कुठं असते ते बघतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. माझी मोटरसायकल २०२० ला पुण्यात घेतलेली, एमएच-१२, आणि बाबांना पक्षाघाताचा झटका आल्यावर मी ती घेऊन कायमचा घरी आलो. उद्यमबागेत नोकरी धरली. परत जायचं नाही हे मला माहीत होतं. मग चंदगडवाल्याचं उदाहरण मला कसं लागू पडणार?

आता खरं सांगतो, पहिले काही महिने मीही तुमच्यासारखंच बोलत होतो. कुणी विचारलं तर म्हणायचो, राहू दे की एमएच, कुणाचं काय जातंय. आणि त्यात नुसता आळस नव्हता हेही सांगून टाकतो. आपल्या भागात नंबर प्लेटवरचं एमएच बघून बरं वाटतं, मला आजही वाटतं. त्या मताच्या माझ्याशी माझं अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो तू घाबरून केलंस. मी म्हणतो, गाडी इथं, मी इथं, बाबा इथं, कागद तेवढे पुण्याचे ठेवून कुणाला काय सिद्ध करायचं होतं? यावर त्याच्याकडं उत्तर नाही आणि माझंही समाधान नाही.

तुम्ही ज्याला हेलपाटे म्हणताय ते एनओसीचे, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला जुन्या आरटीओनं द्यायच्या ना-हरकतीचे नव्हतेच, बोजाचे होते. हे कुणी नीट ऐकूनच घेत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो.

गाडी कर्जावर घेतली की आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव चढतं, तोच बोजा, म्हणजे हायपोथिकेशन. कर्ज फिटलं म्हणून ते आपोआप उतरतंच असं नाही. माझे सगळे हप्ते वेळेत गेलेले, शेवटचा हप्ता कापल्याचा मेसेज आहे, कर्ज बंद झाल्याचं पत्र आहे. पण वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर घातला की हायपोथिकेशनच्या जागी कंपनीचं नाव दिसत होतं, आणि ते असेपर्यंत फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय एनओसी निघत नाही. बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो, त्यावर तुमची आणि कंपनीची सही-शिक्का, सोबत कंपनीचं ना-हरकत पत्र. इथपर्यंत सोपं वाटतं.

मधल्या काळात ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मला मिळालेलं पत्र नव्या नावाच्या लेटरहेडवर, शिक्का नव्या नावाचा, आणि आरसीवर जुनं नाव. खिडकीवरच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, बोटानं आधी एक नाव दाखवलं, मग दुसरं, आणि परत दिले. मला राग आला, पण तो चुकत नव्हता. ज्याच्या नावानं बोजा आहे त्यानंच तो सोडल्याचं लिहून द्यायला पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही कुठल्याही कंपनीचं पत्र आणून बोजा उतरवेल.

चीड मला कंपनीची आली. शाखेत गेलो तर तिथला माणूस म्हणाला, सर, सिस्टिममध्ये तुमचं लोन क्लोज दिसतंय, आमच्याकडून काही पेंडिंग नाही. मी म्हटलं, क्लोज आहे हे मलाही माहीत आहे, मला दोन ओळी पाहिजेत, की जुनी अमुक कंपनी आता आमच्यात विलीन झाली आहे आणि या गाडीवर तिचा किंवा आमचा कसलाही हक्क नाही, त्याला विलीनीकरणाच्या आदेशाची प्रत जोडा आणि फॉर्म ३५ वर सही करणाऱ्याला अधिकार आहे याचं पत्र द्या. तो म्हणाला हे हेड ऑफिसहून येतं. हेड ऑफिसला मेल केला की उत्तर यायचं, जवळच्या शाखेशी संपर्क साधा. आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्याच ना-हरकत पत्रावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, दिल्यापासून नव्वद दिवस वैध. त्यांच्या टोलवाटोलवीत ते नव्वद दिवस उलटून गेले आणि आता तेही पत्र नवीन पाहिजे.

त्या दिवशी मी शाखेत आवाज चढवला. घरी बाबांना एकटं टाकून आलो होतो, शेजारच्या काकूंना दुपारचं जेवण भरवायला सांगितलं होतं, आणि समोरचा माणूस मला टोकन घेऊन बसा म्हणत होता. मी उठलो नाही. मॅनेजर बाहेर येईपर्यंत आरसी, जुन्या नावाचं कर्जाचं कागदपत्र आणि नव्या नावाचं पत्र असे तीन कागद टेबलावर मांडून ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं, की हे नाव आणि हे नाव, एवढंच जुळवून द्या. त्याला एका मिनिटात कळलं. मग काही दिवसांनी कुरिअरनं सगळं आलं, जुन्या नावाचा उल्लेख करून, आणि बोजा उतरला.

"एजंटला दिलं असतंस तर झालं असतं" असं म्हणणाऱ्यांना हेच सांगायचं आहे. एजंट खिडकीवर उभा राहतो, कंपनीचं लेटरहेड तो कुठून आणणार? कर्ज माझ्या नावावर, तिथं मीच लागतो.

त्यापुढची एनओसी त्यामानानं सरळ. फॉर्म २८ ऑनलाइन भरायचा, आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स भरल्याचा पुरावा, सगळी ई-चलनं भरलेली, आणि गाडीवर चोरीची केस नाही याची पोलिसांकडून खात्री. फॉर्मवर चॅसी नंबरचा पेन्सिलचा ठसा लागतो. मोटरसायकलला हा नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो, आणि आपल्याकडच्या पावसात तिथं हमखास गंज धरतो. आधी रॉकेलच्या फडक्यानं हळू पुसायचा, पॉलिश पेपर जोरात घासायचा नाही, नाहीतर अक्षरंच झिजतात. मग पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवायची. सतराही अक्षरं उमटायला पाहिजेत, आठ आणि तीन, शून्य आणि सहा वेगळे वाचता आले पाहिजेत. माझ्या पहिल्या ठशात शेवटचे दोन आकडे नुसते काळे आले होते, कागद बदलून परत घेतला. हाच नंबर पुढं बेळगावात गाडी दाखवताना इन्स्पेक्टर स्वतः वाचून बघतो, म्हणून हे काम मन लावून करायचं.

इथं आल्यावर फॉर्म २७, बेळगावचा पत्ता असलेलं आधार, गाडीची तपासणी आणि कर्नाटकचा आजीवन टॅक्स. लोक इथं चिडतात. टॅक्स गाडीच्या आजच्या किमतीवर नसतो, घेतानाच्या बिलावर धरतात आणि वयाप्रमाणे टक्का कमी करतात. माझी गाडी बिलात ऐंशी हजारांची. पन्नास हजार ते एक लाखाच्या दुचाकीला नवी असताना बारा टक्के, म्हणजे नवी असती तर ९,६०० आणि वर सेस. जुनी म्हणून त्याहून कमी बसला. पण खिशाला लागलाच, नाही कसं म्हणू? म्हणून मूळ बिल जपून ठेवा. आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो, पण आधी नाही. इथला नंबर आणि टॅक्सची पावती हातात आल्यावर त्या प्रती जोडून जुन्या आरटीओत अर्ज करायचा.

नवा नंबर आला की त्याची एचएसआरपी प्लेट नवीन, आणि इन्शुरन्सला कळवायचं. इथं बरेच जण अर्धंच करतात. सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम असतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दरवर्षी वेगळा, तोही पुष्कळदा दुसऱ्या कंपनीचा. माझा तसाच होता. म्हणजे एंडोर्समेंट दोन्हीकडं पाहिजे, नव्या आरसीची प्रत देऊन नंबर आणि पत्ता बदलून घ्यायचा. एकीकडंच केलं तर अपघातानंतर एका पॉलिसीवर एमएच आणि आरसीवर केए, मग गाडी तीच आहे हे पटवत बसा. थर्ड पार्टीचा दर देशभर सारखाच. नुकसानीच्या भागात पुणे अ झोनमध्ये आणि बेळगाव ब मध्ये, त्यामुळं प्रीमियम थोडा उतरतो, पण दुचाकीला तो फरक किरकोळच. नो क्लेम बोनस जात नाही, तो माणसाचा असतो.

तुम्ही म्हणाल, पोलिस तर अडवत नाहीत. खरं आहे, मला कधी कुणी अडवलं नव्हतं. आणि महिनाभर गाडी इथं राहिली की लगेच टॅक्स, असा जो नियम कर्नाटकानं २०१४ ला केला होता तो हायकोर्टानं २०१६ ला रद्द केला, तेव्हा पाहुण्यानं घाबरायचं कारण नाही. पण मी पाहुणा नाही. इथं गाडी विकायची म्हटलं तरी घेणारा आधी एनओसी मागणार, आणि तेव्हा बोजा निघाला तर तो थांबणार आहे का? बाबांना दवाखान्यात न्यायची हीच एक गाडी घरात, तिचे कागद अर्धवट ठेवायचे मला जमलं नसतं. तुमचं मत वेगळं असेल तर असू दे.

धाकट्या भावाची गाडी अजून पुण्यात आहे. तो इकडं येणार की नाही हे त्याचंच ठरत नाही. म्हणून त्याला एनओसी काढू नको म्हटलंय, कारण ती एकदा निघाली की जुन्या आरटीओत त्या गाडीचं दुसरं कुठलंच काम होत नाही. बोजा तेवढा उतरवून घे म्हटलंय, तो कुठंही राहिला तरी लागणारच आहे. माझ्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज गेलाय, पैसे अजून आलेले नाहीत.