एडीएक्सचा हिशेब जुळला, पण रेषा जुळल्या नाहीत

मागच्या नोंदीत निफ्टीच्या दैनिक बारवर ट्रेंडची ताकद मोजणारा १४ कालावधीचा एडीएक्स स्वतःच्या शीटमध्ये बसवत असल्याचे लिहिले होते. तो बसला, आणि लगेच एक विचित्र अडचण समोर आली. नाशिकच्या आमच्या गटातील एका सदस्याने विकत घेतलेल्या तयार शीटशी ताडून पाहिले, तेव्हा एडीएक्स दशांशापर्यंत तंतोतंत जुळला, मात्र वरची आणि खालची हालचाल मोजणाऱ्या प्लस आणि मायनस या दोन्ही रेषा जुळेनात. एका दिवशी माझ्याकडे प्लस २७ आणि मायनस १८ होते, तर त्यांच्याकडे प्लस ३० आणि मायनस २०. ज्या रेषांतून एडीएक्स निघतो त्याच चुकीच्या असतील, तर एडीएक्स बरोबर कसा येतो, या प्रश्नाने बरेच दिवस डोके खाल्ले.

उत्तर शेवटी सूत्रातच सापडले.

```
DX = 100 * ABS(PDI - MDI) / (PDI + MDI)
```

माझ्याकडे फरक ९ आणि बेरीज ४५, त्यांच्याकडे फरक १० आणि बेरीज ५०. दोन्हीकडे डीएक्स २०, आणि एडीएक्स म्हणजे या डीएक्सचीच सरासरी. ट्रू रेंज म्हणजे कालचा बंद भावही धरून मोजलेला दिवसाचा पट्टा; दोन्ही रेषा तिच्या एकाच सरासरीने भागलेल्या असतात, त्यामुळे हा भाजक अंश आणि छेद दोन्हींतून कटतो. म्हणजेच बिघाड ट्रू रेंजमध्येच असणार होता. २७ ला ३० ने भागले की ०.९ येते, त्यांच्या शीटमधील ट्रू रेंजची सरासरी माझ्यापेक्षा एक दशांशाने कमी होती.

तयार शीटचा तो स्तंभ उघडून पाहिला, तर तिथे दिवसाच्या उच्चांकातून नीचांक वजा केला होता आणि कालच्या बंद भावाचा पत्ताच नव्हता. समजा, काल उच्चांक २४,०८०, नीचांक २३,९४० आणि बंद २४,००० होता. आज बाजार गॅपने उघडून उच्चांक २४,२६० आणि नीचांक २४,१४० झाला. या दिवसाची प्लस हालचाल १८० गुणांची. वाइल्डर यांच्या १९७८ च्या मूळ व्याख्येप्रमाणे ट्रू रेंज २६० येते, तर त्या शीटमध्ये फक्त १२०. पट्टाच १२० चा असताना त्यातली एकतर्फी हालचाल १८० कशी असेल? खरी ट्रू रेंज वापरली तर एका दिवसाच्या हालचालीचे तिच्याशी गुणोत्तर कधीही शंभर टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणून १०० ओलांडणारा एखादा दिवस दिसला की हाच बिघाड समजावा. पैसे मोजून घेतलेल्या शीटमध्ये सूत्रे कुलूपबंद नसली तरच ती घ्यावी, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

उलट प्रकारचा बिघाडही यावरून ओळखता येतो. रेषा जुळतात आणि एडीएक्स जुळत नाही, असे दिसले तर ट्रू रेंज सोडून डीएक्सवरून एडीएक्स काढणाऱ्या दुसऱ्या सरासरीकडे पाहावे. तिथे नव्या दिवसाला बहुधा वाइल्डरच्या एक चौदांशाऐवजी साध्या घातांकी सरासरीचा दोन पंधरांश हा भार बसवलेला असतो.

या शोधातून मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. भाजक कटतो, याचा अर्थ एडीएक्सला अस्थिरतेचे मोजमाप कळतच नाही. भाव रोज पाचच गुण वर सरकला आणि नीचांक एकदाही खाली गेला नाही, तर मायनस शून्य राहून डीएक्स थेट १०० येतो आणि एडीएक्स चढत जातो. रोज दोनशे गुणांनी वर जाणाऱ्या बाजारातही नेमके हेच होते. म्हणून आपण ज्याला ट्रेंडची ताकद म्हणतो ती खरे तर एकतर्फीपणाची मात्रा आहे, वेगाची नव्हे. दिशा तर त्यात नाहीच: प्लस १८ आणि मायनस २७ असते तरी डीएक्स २० च राहिला असता. २५ च्या वरचा एडीएक्स पाहून व्यवहाराचा आकार वाढवणाऱ्यांनी वेगासाठी एटीआर, म्हणजे ट्रू रेंजची सरासरी, शेजारी ठेवलाच पाहिजे.

हे लिहितानाच दुसरी कल्पना सुचली. एडीएक्सला बंद भाव लागत नसेल, तर लासलगावच्या कांद्याच्या दरांवर तो चालवता येईल का? बाजार समितीच्या नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. मात्र किमान दर हा बहुतेकदा गोल्टी किंवा खराब मालाचा असतो. तो प्रतीचा फरक दाखवतो, दिवसातली घसरण नव्हे. त्याला नीचांक मानले तर मायनस हालचाल निरर्थक ठरेल. त्याऐवजी आठवड्यातील सर्वसाधारण दरांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दर घेऊन साप्ताहिक बार बनवणे योग्य वाटते.

पण १४ कालावधीचा पहिला एडीएक्स २८ व्या बारवर मिळतो आणि लाल कांद्याचा हंगाम त्याआधीच संपतो. लाल आणि उन्हाळ कांद्याचे दर एकाच मालिकेत जोडले, तर सांध्यावर खोटी हालचाल तयार होईल. त्यामुळे निफ्टीवरील काम तूर्त बाजूला ठेवून, ७ कालावधीचा एडीएक्स केवळ उन्हाळ कांद्यावर बसवतो आहे. त्याची पहिली किंमत १४ व्या आठवड्यात मिळेल.