टंचाईच्या मीटिंगचं इतिवृत्त

रात्रीचे साडेदहा झालेत आणि डोक्यात अजून टँकरच्या खेपाच फिरतायत. आमच्या पंचायत समितीत इतिवृत्त नेहमी भाऊसाहेब लिहितात, ते रजेवर, म्हणून आज अधीक्षक मॅडमनी टंचाई आढावा बैठकीला मला वही घेऊन बसवलं आणि वर "उद्या दुपारपर्यंत ड्राफ्ट टेबलवर पाहिजे" असं सांगून मोकळ्या झाल्या.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग एका गावच्या सरपंच ताई उठल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे मंजूर तीन खेपा, येतात दोन. शाखा अभियंता म्हणाले लॉगबुकमध्ये रोज तीन आहेत, गावाच्याच सह्या आहेत. त्यावर ताई उसळल्याच, "सह्या आठवड्याच्या एकदम घेतात, विचारा ग्रामसेवकाला!" ग्रामसेवक खाली बघत बसले. मग मागून कोणीतरी टँकर कुणाच्या माणसाचे आहेत ते काढलं आणि हॉलमध्ये जो काही गोंधळ झाला, बीडीओ साहेबांनी टेबलावर हात आपटला तेव्हा कुठे थांबला. मी आपली सगळंच लिहीत होते, कोण कुणाला काय म्हणालं ते पण. हात थरथरत होता, ती दोन पानं आता मलाच नीट वाचता येत नाहीयेत.

घरी आल्यावर सुरुवातीचं पटकन झालं. तारीख, ठिकाण, अध्यक्ष, हजेरीपटावरून उपस्थितांची नावं, मागच्या इतिवृत्ताचा अनुपालन अहवाल. त्या गावापाशी आले आणि पेन थांबलं. "गावात दोनच खेपा होतात" असं लिहिलं तर ते ताईंचं म्हणणं राहत नाही, ऑफिसनेच मान्य केल्यासारखं होतं, उद्या कोणी माहिती अधिकारात प्रत काढली की आम्ही अडकलो. आणि नुसतं "लॉगबुकनुसार तीन खेपा" लिहिलं तर ताई बैठकीत बोलल्याच नाहीत असं होईल.

मग हिशोब करून बघितला. लोकसंख्या १,७५०, टंचाईत माणशी रोजचे २० लिटर धरतात, म्हणजे ३५,००० लिटर. टँकर १२,००० चा, म्हणून तीन खेपा. दोनच आल्या तर २४,००० लिटर, माणशी जेमतेम १४ सुद्धा नाही, आणि जनावरं यात धरलेलीच नाहीत. ताई उगाच ओरडत नव्हत्या. पण माझं हे मत इतिवृत्तात जाणार नाही, तिथे फक्त कोण काय म्हणालं आणि काय ठरलं एवढंच. म्हणून दोन्ही वाक्यांना माणसं जोडली. दोनच खेपा येतात व सह्या एकत्रित घेतल्या जातात "असे सरपंच यांनी निदर्शनास आणून दिले", लॉगबुकमध्ये प्रतिदिन तीन खेपांची नोंद आहे "असे शाखा अभियंता यांनी सांगितले". टँकर कुणाच्या माणसाचे वगैरे काढून टाकलं, तो विषयच पत्रिकेवर नव्हता आणि बोलणारा कोण तेही मला दिसलं नाही.

एवढ्यात शाखा अभियंत्यांचा फोन. "मॅडम, ते सह्यांचं तेवढं वगळलं तरी चालेल, रागात बोलल्या त्या." माझ्या पोटात गोळा. म्हणलं "सर, ड्राफ्ट साहेबांकडेच जाणारे, तिथे सांगा ना." फोन ठेवल्यावर पाणी प्यायले आधी.

खरी अडचण शेवटी आली. साहेब काय बोलले ते वहीत बघितलं तर, "ते जीपीएसचं बघून घ्या आणि मला सांगा." कोणी बघायचं? कधीपर्यंत? असं लिहिलं तर पुढच्या बैठकीत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. जागा कोरी सोडलीय.

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळ.

सकाळी मॅडमना विचारून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. घसा कोरडा पडलेला. "साहेब, जीपीएसचं नाव कुणाचं टाकू आणि मुदत किती?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं, मला वाटलं आता बसणार. म्हणाले, "उप अभियंता, ग्रामीण पाणीपुरवठा. तीन दिवस. मागच्या पंधरा दिवसांचा जीपीएस रिपोर्ट लॉगबुकशी ताडून." मी लिहून घेतलं आणि कुठून धीर आला माहीत नाही, विचारलं, "आणि तोपर्यंत बिल, साहेब?" थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पडताळणी अहवालाशिवाय त्या गावच्या खेपांचं बिल सादर करू नये. लिही."

सह्यांचं वाक्य त्यांनी वाचलं, तसंच ठेवलं. मॅडमनी माझे दोन स्वल्पविराम काढले. दुपारी सही झाली, जावक नंबर पडला आणि प्रती गेल्या. संध्याकाळी बसस्टॉपवर शाखा अभियंता भेटले, ओळख दाखवली नाही.