काकडीचा काय गुन्हा?

पोट बिघडलं की घरात लगेच खटला उभा राहतो, आणि जेवणात चिकन असेल तर आरोपी ठरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वास्तविक चिकनची बाजू भक्कम असते. ते विस्तवावर चांगलं रटरटून आलेलं असतं. सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस गाठलं की कॅम्पिलोबॅक्टर काय आणि साल्मोनेला काय, दोघांचाही निकाल लागतो. जिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही ती असते शेजारच्या ताटलीतली काकडी. ती विस्तवाजवळ गेलेलीच नसते. ती गेलेली असते फक्त चॉपिंग बोर्डावर, चिकनच्या पाठोपाठ.

हे दोन्ही जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतात. कोंबडी आजारी दिसत नाही. कापताना, साफ करताना आतड्यातला अंश कातडीवर येतो, पण मांसाला ना वास येतो ना रंग बदलतो. त्यामुळे ‘एकदम ताजं आहे’ हा दाखला इथे काही कामाचा नाही. (टायफॉइड करणारा साल्मोनेला वेगळा, तो माणसाच्याच अंगात राहतो आणि माणसाकडूनच पसरतो. कोंबडीतून येणारे साल्मोनेला टायफॉइड नव्हे, तर जुलाब, ताप, पोटात कळा असा प्रकार घडवतात.)

दोघांचे स्वभाव मात्र अगदी उलटे. कॅम्पिलोबॅक्टर तसा नाजूक. त्याला कोंबडीच्या शरीरातली ४१-४२ अंशांची ऊब हवी, ऑक्सिजन बेताचा हवा. ओट्यावर तो वाढत नाही आणि कोरडं पडलं की मरतो. मग त्याची भीती का? कारण त्याला वाढायची गरजच पडत नाही. काही शे जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, आणि कच्च्या चिकनमधून निथळलेल्या एका थेंबात तेवढे सहज असू शकतात. साल्मोनेला दणकट. तो कोरड्या जागीही तग धरतो आणि उबदार अन्नावर वाढतो. जम बसल्यावर अर्ध्या तासाला दुप्पट धरा, म्हणजे तीन तास बाहेर राहिलेल्या चिरलेल्या काकडीवर एकाचे चौसष्ट.

आरोपी चुकीचा ठरतो तो वेळेच्या घोळामुळेही. साल्मोनेलाचा त्रास साधारण सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो, कॅम्पिलोबॅक्टरचा बहुधा दोन ते पाच दिवसांनी. रविवारी चिरलेल्या काकडीचा हिशेब बुधवारी येतो, आणि तोवर दोष मंगळवारच्या बाहेरच्या खाण्यावर गेलेला असतो.

आता तो एक थेंब कुठे कुठे जातो ते पाहू. चिकनचे तुकडे झाले. बोर्डावर गुलाबी पाणी साचलंय. ते नळाखाली धरलं, हाताने दोनदा चोळलं, सुरीवरही पाणी सोडलं. बोर्ड स्वच्छ दिसतो. पण नळ उघडला तो त्याच बोटांनी. हात पुसले ते ओट्यावरच्या फडक्याला. त्याच फडक्याने मग बोर्ड पुसला आणि काकडी घेतली. या सगळ्यात साबण कुठेच आला नाही, आणि चिकनचा चिकट, स्निग्ध थर नुसत्या पाण्याने सुटत नाही. तो पातळ होऊन पसरतो.

चिकन धुण्याचं प्रकरण तर याहून पुढचं. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोडे मात्र सिंकभर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ साली जाहीर केलेल्या एका पाहणीत चिकनवर निरुपद्रवी, ओळखता येणारे जंतू लावून लोकांना स्वयंपाक करायला दिला होता. चिकन धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या सॅलडच्या पानांवर ते जंतू सापडले. खरी गंमत पुढे आहे: न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्क्यांच्या सॅलडवर ते होते. म्हणजे धुणं सोडलं ते बरंच केलं, पण हात, सुरी आणि बोर्ड तसेच राहिले तर सुटका नाही.

बोर्ड लाकडी की प्लास्टिकचा, यावर लोक तावातावाने बोलतात. नव्या, गुळगुळीत प्लास्टिकवरून जंतू सहज निघतात, हे खरं. पण सुरीचे ओरखडे पडले की ते खाचांत बसतात आणि तिथे घासणी पोचत नाही. लाकूड ओलावा आत ओढून घेतं, त्याबरोबर जंतूही आत जातात आणि तिथे वाळून बरेचसे मरतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डीन क्लिव्हर यांच्या गटाने नव्वदच्या दशकात हे दाखवलं होतं. म्हणून लाकडी बोर्ड पाण्यात बुडवून ठेवणं किंवा ओलाच भिंतीला चिकटवून ठेवणं म्हणजे त्याचा हाच गुण मारणं. माझ्या मते वाद बोर्डाच्या जातीचा नाही, वयाचा आहे. बोर्डावरून आडवं नख फिरवा. ते जागोजागी अडकत असेल तर बोर्ड बदलायला झाला. शंका असेल तर त्यावर बीट चिरा, नेहमीसारखा धुवा आणि उजेडात धरा. लाल रेघा म्हणजे जंतू नव्हेत, पण आपली घासणी कुठे पोचत नाही त्याचा नकाशा आहे.

धुण्यातही क्रम आहे. आधी गार किंवा कोमट पाणी, कारण कढत पाण्याने मांसातली प्रथिनं गोठून खाचांत चिकटतात. मग डिशवॉश आणि ब्रशने दोन्ही बाजू, कडा आणि बोर्डाला भोवती पन्हळ असेल तर तीही घासायची, आणि मग गरम पाण्याने खळखळून धुवायचं. एवढ्यावर बरंच काम होतं. पुढे जायचं असेल तर एक लिटर पाण्यात चार मिलिलिटर साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून ते बोर्डावर ओतायचं, काही मिनिटं राहू द्यायचं, धुऊन उभा करून वाळवायचा. मांसाचा अंश राहिला असेल तर ब्लीच त्यावरच खर्च होतं, म्हणून ते घासण्याच्या आधी ओतून उपयोग नाही. आणि ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात नको, त्यातून विषारी वायू निघतो. नुसतं लिंबू चोळल्याने वास जातो. जंतू गेले असं धरून चालू नये.

हे सगळं करायचा कंटाळा येणार, हे गृहीत धरूनच सोपी युक्ती सांगतो: आधी काकडी. कच्चं खायचं ते सगळं पहिल्यांदा चिरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चिकन अगदी शेवटी घ्यायचं. मग एकच बोर्ड असला तरी बिघडत नाही, कारण चिकननंतर त्यावर काही यायचंच नसतं. दोन रंगांचे दोन बोर्ड घेणारे पुष्कळ आहेत, पण सुरी एकच असते आणि ती दोन्हीकडे फिरते. चिकन चिरून झालं की सुरी आणि बोर्ड थेट सिंकमध्ये, मग हात साबणाने वीस सेकंद, नखांच्या आतूनही. नळ कोपराने उघडता आला तर उत्तम, नाहीतर हातांबरोबर नळाच्या मुठीलाही साबण लावायचा.

राहता राहिलं बोर्ड सरकू नये म्हणून त्याच्याखाली घातलेलं ओलं फडकं. निथळलेलं पाणी बोर्डाच्या कडेवरून उतरून नेमकं त्यात मुरतं, आणि नंतर त्याच फडक्याने ओटा पुसला जातो. त्याऐवजी ओला कागदी रुमाल घालावा, काम झालं की सरळ कचऱ्यात.