प्लॅन बंद करण्याआधी उतरवून ठेवलेले ३४ ट्रॅक

गडकिल्ल्यांच्या माझ्या चॅनलसाठी मी एका संगीत संकेतस्थळाचा महिन्याचा प्लॅन घेतला होता. पावसाळ्यात ट्रेक कमी होतात, म्हणून जूनमध्ये तो बंद करायचं ठरवलं. डाउनलोडवर मर्यादा नव्हती, तेव्हा शेवटच्या दोन रात्री बसून ३४ ट्रॅक उतरवून ठेवले. पैसे भरून घेतलेत म्हणजे आपलेच झाले, असं मला मनापासून वाटत होतं.

जुलैच्या अखेरीस हरिश्चंद्रगडाचा व्हिडिओ टाकला आणि यूट्यूब स्टुडिओत त्यासमोर कॉपीराइट क्लेम दिसला. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. चॅनलला धोका नव्हता, पण त्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई संगीताच्या मालकाकडे जाणार होती. मी लगेच डिस्प्यूट करायला निघालो. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत डिस्प्यूट केला, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते, हे मला माहीत होतं. पुरावा म्हणून परवाना उघडला आणि तिथेच थांबलो. त्यात ट्रॅक कधी डाउनलोड केला याला काहीच किंमत नव्हती. प्लॅन चालू असताना, प्लॅनला जोडलेल्या चॅनलवर प्रसिद्ध झालेले व्हिडिओ कायम सुरक्षित. नंतर प्रसिद्ध होणारे नाहीत. माझा व्हिडिओ प्लॅन संपल्यावरचा होता. डिस्प्यूट केला असता तर तो खोटा ठरला असता, म्हणून केला नाही. व्हिडिओ यूट्यूबवरून काढून टाकला.

मग जुने व्हिडिओ एकेक करून तपासले. एकावरही क्लेम नव्हता. मात्र राजगडाच्या व्हिडिओत एका माचीचं नाव मी चुकीचं सांगितलं होतं, ते दुरुस्त करून पुन्हा टाकायचा विचार होता. यूट्यूबवर फाइल बदलता येत नाही. पुन्हा टाकला की तो नवा व्हिडिओ, नवी तारीख, म्हणजे परवान्याबाहेर. मी यूट्यूबच्याच एडिटरमध्ये तेवढी आठ सेकंदं कापली. लिंक आणि प्रसिद्धीची तारीख तीच राहिली.

दुसरी चूक त्याहून जुनी निघाली. भोरजवळ मावसभावाचं होमस्टे आहे, त्याच्या चॅनलसाठी मी मे महिन्यात व्हिडिओ करून दिला होता. तेव्हा प्लॅन चालू होता, पण जोडलेलं चॅनल माझं होतं, त्याचं नव्हतं. शिवाय माझा वैयक्तिक प्लॅन. दुसऱ्याच्या धंद्याची जाहिरात त्यात बसतच नव्हती. "दादा, यूट्यूब काहीतरी हक्काचं म्हणतंय," असा त्याचा मेसेज दोन महिने माझ्याकडे पडून होता, याचं मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतला ट्रॅक लावून व्हिडिओ नव्याने बनवला.

ऑक्टोबरमध्ये मी एका महिन्याचा प्लॅन पुन्हा घेतला, चॅनल जोडलं गेल्याची खात्री केली आणि मगच हरिश्चंद्रगडासकट तयार असलेले चारही व्हिडिओ प्रसिद्ध केले. आता प्रत्येक व्हिडिओच्या फोल्डरमध्ये ट्रॅकचं नाव, प्रसिद्धीची तारीख आणि त्या महिन्याची पावती ठेवतो. त्या ३४ पैकी २९ ट्रॅक अजून हार्ड डिस्कवर तसेच आहेत.